चारचं उघडं तोंड

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. डोळ्यांच्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर इतकी वर्षं काढल्यावर ज्या बाईला राग येत नाही, ती एक तर देवी असेल, नाहीतर ठार बहिरी. मी दोन्ही नाही. म्हणून आता मला खिडकीवरून उठवून आतल्या खोलीत बसवलंय आणि माझ्या हाताखाली पोपट दिलाय.

पोपट म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारी सोय. पेशंट फोनवरून विचारतात, कधी येऊ, किती खर्च, आणि पोपट मराठीत उत्तर देतो. त्याने काय बोलायचं, कसं बोलायचं, हे नियम मी ठरवते. ते नियम यंत्रात बसवतो आमचा पणवाला. हुशार आहे, कामाला चोख आहे, पण एकही वाक्य 'पण'शिवाय सुरू करत नाही. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, दवाखान्यात कुणाला आठवत नाही.

आमचं पहिलं भांडण आकड्यांवरून झालं. पोपटाला कुणी आकड्यांचं सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तो लहरीप्रमाणे लिहायचा. सकाळी तपासणीची फी ₹३०० आणि दुपारी त्याच प्रश्नाला ₹300. कधी तर एकाच उत्तरात तारीख देवनागरीत आणि किंमत साध्या, म्हणजे इंग्रजी आकड्यांत.

"काहीतरी एक ठरवा," पणवाला म्हणाला.

"साधे आकडे," मी म्हटलं. "बिलावर तेच, भिंतीवरच्या दरपत्रकावर तेच, पैसे भरायच्या अॅपमध्ये तेच. परवा एकाने पोपटाच्या उत्तरातली रक्कम उचलून अॅपमध्ये चिकटवली. अॅपने घेतलीच नाही. तो माझ्याशी भांडायला आला, अॅपशी नाही."

"पण मराठी वाक्यात मराठी आकडे शोभतात. आणि घरातल्या कॅलेंडरवर मोठे आकडे देवनागरीच असतात. पेशंट तारीख तिथेच जाऊन बघणार."

"शोभायला आपण लग्नपत्रिका छापतोय का? निम्म्या तरुण पोरांना देवनागरी चार आणि इंग्रजी आठ यांतला फरक झटकन कळत नाही. एक आणि नऊ तसेच."

"पण म्हाताऱ्यांचं काय? आपले पेशंट म्हातारेच आहेत."

"म्हाताऱ्यांच्याही हातात फोन आहे. त्यावरचं घड्याळ ते साध्या आकड्यांतच बघतात."

मग त्याने तोडगा काढला, तारखा देवनागरी आणि किमती साध्या. एक दिवस चालवून पाहिलं. संध्याकाळपर्यंत तिघांनी फोन करून विचारलं की नक्की कोणता आकडा कोणत्या लिपीतला धरायचा. एकाच ओळीत ४ तारीख आणि 8,500 रुपये दिसल्यावर माणूस दुसऱ्यांदा वाचतो आणि दुसऱ्यांदा वाचलं की शंका येते. मी तो तोडगा मोडीत काढला. सगळीकडे साधे आकडे, विषय संपला. पणवाला मान खाली घालून कामाला लागला. आपण जिंकलो याचा मला चांगलाच आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आता आमच्या अप्पांविषयी. अप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर पाट्या रंगवल्या. दुकानांवरची नावं, घरांचे नंबर, टाक्यांवरचे, गाड्यांवरचे, ज्याच्यावर ब्रश टेकतो त्या सगळ्यावरचे आकडे. ते सगळे देवनागरीत. आई गेल्यावर एकटेच राहतात, दोन खोल्यांत, पुढच्या खोलीत अजून रंगाचे डबे आहेत. माझ्या धाकट्या भावाला ते एकटे राहिलेले सहन होत नाही. त्याने आपल्या घरी त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली आहे, पडदेसुद्धा लावलेत. तो वाईट नाही, उलट फारच चांगला आहे आणि चांगुलपणा अंगावर घालतो. अप्पांना आपलं घर सोडायचं नव्हतं. रंगाचा वास त्या चकाचक खोलीत कोण चालवून घेणार होतं?

त्यात डोळ्यांना मोतीबिंदू. भाऊ म्हणाला, "आता तरी चला." अप्पा म्हणाले, "डोळ्यांचं सगळं मी माझं मी करतो. विचारीन मी, जाईन मी, तारखा सांभाळीन मी. जमलं तर इथेच राहीन. त्यात काही घोळ झाला तर तू म्हणशील तिथे येईन." भावाने लगेच मान्य केलं. घोळ होणार याची त्याला खात्री होती. मला अप्पांनी बजावलं, "तुझ्या ओळखीने काही नको. मी रांगेतला पेशंट." मी तोंड दाबून गप्प बसले. मला ते किती अवघड जातं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

शनिवारी सकाळी मी जिन्यातून खाली आले तर बाकावर अप्पा. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत टॉवेल. खिडकीवरची मुलगी यादी वर-खाली चाळत होती.

"आजोबा, तुमचं नाव आज नाहीये."

"असेल. मला आजचीच तारीख दिली आहे. चार."

त्या मुलीने फोन मागितला. वाचला. मग हळूच म्हणाली, "आजोबा, इथे आठ आहे."

अप्पांनी फोन परत घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "चारच आहे की," ते म्हणाले. त्या आवाजात वाद नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "आयुष्यभर चार काढत आलोय मी. मला चार कळणार नाही होय?"

मी पुढे होऊन पाहिलं. पोपटाने लिहिलं होतं, 'आपली तपासणी 8 मार्च रोजी सकाळी दहा वाजता आहे.' आठच होता. पण अप्पांच्या डोळ्यांपुढे पांढुरकं धुकं, अक्षराची वरची कड त्यात विरघळते. वरचं मिटलेलं तोंड दिसलं नाही, तर मध्ये फुली आणि खाली गोल एवढंच उरतं. तो देवनागरी चार. मराठी ओळीत इंग्रजी आकडा येईल हे त्यांच्या मनातही आलं नसणार.

मी म्हटलं, "अप्पा, आले आहात तर मी आजच बघायला सांगते."

"नको. आठला येतो." ते उठले.

तेवढ्यात भाऊ दारातून आत. ते दवाखान्यात आहेत हे त्याला सकाळीच फोनवर कळलं होतं, आणि आता काय झालं विचारताच अप्पांनी सगळं खरं सांगितलं. अप्पांना लपवता येत नाही. भाऊ भर हॉलमध्ये, पंचवीस माणसं ऐकत असताना म्हणाला, "अप्पा, आता पुरे. साधा एक आकडा वाचता येत नाही तुम्हाला."

अप्पांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आकडा वाचता येत नाही, हे त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दुसरं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भावाला कोपऱ्यात ओढलं. "घोळ त्यांचा नाही, आमचा आहे. हा नियम मी केलाय."

"ताई, तू त्यांची बाजू घेणारच."

"घेणारच. आणि हा घोळ धरायचा नाही. ऑपरेशनपर्यंत बघ."

त्याने माझा हात सोडवून घेतला. "ठीक आहे. पण पुढची तारीख चुकली तर मी कुणाचं ऐकणार नाही. सामान मी स्वतः बांधीन."

दुपारी मी अप्पांचा मेसेज उघडून बसले. सगळं संभाषण माझ्याकडे दिसतं. अप्पांनी लिहिलं होतं, 'मोतीबिंदू आहे. वय ७४. कधी येऊ?' सात आणि चार, दोन्ही देवनागरी. त्यांच्या फोनवरचा मराठी कीबोर्ड तेच आकडे देतो आणि त्यांना तेच हवे असतात. म्हणजे माणसाने स्वतःच्या आकड्यांत विचारलं आणि आम्ही आमच्या आकड्यांत उत्तर दिलं. मला फार वाईट वाटलं. तरीही मी चुकले होते असं मला वाटेना, कारण माझी सगळी कारणं अजून जशीच्या तशी खरी होती. अॅप देवनागरी घेत नव्हतंच. तरुण पोरं अडखळत होतीच. सगळंच खरं असतं आणि तरी आपला बाप चुकीच्या दिवशी बाकावर बसलेला असतो.

मी पणवाल्याला बोलावलं. तो 'मी म्हटलं होतं' असं काही म्हणाला नाही. हा त्याचा मोठा गुण.

"विचारणाऱ्याने जे आकडे लिहिलेत तेच आकडे उत्तरात वापरायचे," मी म्हटलं. "जमेल?"

"जमेल. पोपटाला नुसतं सांगून भागणार नाही, तो विसरतो. उत्तर तयार झाल्यावर आकडे बदलायची वेगळी पायरी घालतो. पण त्याने आकडाच लिहिला नसेल तर?"

"तर साधे. आणि आकडे कुठलेही असोत, तारखेबरोबर वार हवा आणि किमतीबरोबर अक्षरी रक्कम. साडेबारा हजार म्हटलं की लिपी कुठलीही असो, माणूस चुकत नाही."

त्याने तसं केलं, आणि पहिल्याच दिवशी नवा तमाशा झाला. त्या पायरीने उत्तरातला आकडा न् आकडा देवनागरी करून टाकला, दवाखान्याचा फोन नंबर आणि पैसे भरायची लिंकसुद्धा. नंबरावर बोट ठेवून फोन लागेना, लिंक उघडेना. पणवाल्याने कपाळावर हात मारला आणि नंबर-लिंकांना हात लावायचा नाही अशी अट घातली. मग गाडी रुळावर आली.

"पण एक राहिलं," जाता जाता तो म्हणाला. "उत्तर विचारणाऱ्याने नाही, दुसऱ्याच कुणी वाचलं तर? घरात मेसेज पुढे पाठवतात सगळे."

"वार आहे ना सोबत," मी म्हटलं. "आता जा घरी."

अप्पा आठला आले, तपासणी झाली, रक्ताचे रिपोर्टही ठीक आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तारीख मेसेजवर विचारा. अप्पांनी विचारलं, 'पुढच्या ८ दिवसांत ऑपरेशन होईल का? भिंगासकट खर्च किती?' पोपटाने उत्तर दिलं:

'आपले ऑपरेशन मंगळवार, १४ मार्च रोजी सकाळी साडेनऊ वाजता आहे. भिंगासह खर्च ₹१२,५०० (साडेबारा हजार रुपये).'

मी आतल्या खोलीत ते वाचलं आणि जीव भांड्यात पडला. अप्पांनी मला संध्याकाळी फोन केला. "मंगळवार, चौदा. कॅलेंडरवर बघितलं, बरोब्बर जुळलं. धाकट्यालाही पाठवून दिला मेसेज. त्यालाही कळू दे." आवाजात अशी ऐट की विचारू नका.

मंगळवारी अप्पा वेळेआधी हजर. तोच इस्त्रीचा शर्ट. पैसे साध्या आकड्यांच्या बिलाप्रमाणे मोजून भरले, अक्षरी रक्कम मेसेजशी ताडून पाहिली. ऑपरेशन व्यवस्थित झालं. बाहेर आले ते डोळ्यावर झाकण लावून, आणि मी शेजारी बसले. भावाचा पत्ता नाही. दर वेळी दार उघडलं की अप्पा मान वळवायचे, झाकलेल्या डोळ्याच्या बाजूने दिसत नसूनही. शेवटी मला राहवेना. मी भावाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"ऑफिसात. का गं?"

"का म्हणजे? अप्पांचं ऑपरेशन झालं."

"आज? आज कसं? अठराला आहे ना? मी शनिवारचं काम बदलून घेतलंय त्यासाठी. अप्पांनीच मेसेज पाठवला होता, अठरा."

मला लख्खकन कळलं. देवनागरी चार, आणि आमच्या साहेबांची सगळी शाळा इंग्रजीतली. चारला आठ वाचून मोकळा. वार समोर लिहिलेला, त्याकडे बघितलंही नाही, कारण त्याला आकडा कळला होता. ज्याने पंचवीस माणसांत बापाला आकडा वाचता येत नाही म्हणून सुनावलं, तो हा. माझ्या जिभेवर अशी वाक्यं तयार झाली की ती ऐकून तो जन्मभर आकड्यांना घाबरला असता.

मी तोंड उघडलं, आणि अप्पांनी हात पुढे केला. "दे इकडे."

फोन कानाला लावून ते म्हणाले, "अरे, अलीकडे घेतलं त्यांनी. तुला कळवायचं राहिलं. छान झालं सगळं. तू शनिवारी ये, घरी ये माझ्या." आणि फोन मला परत दिला.

"अप्पा, चुकला तो होता," मी म्हटलं. "तुम्ही का खोटं बोललात? ज्याने तुम्हाला तसं सुनावलं त्याला?"

"म्हणूनच." त्यांनी उघडा डोळा मिटून घेतला. "त्या दिवशी मला फार लागलं गं. घरी जाऊन जेवलो नाही मी. तसं त्याला कशाला वाटायला हवं? माझं पोरच आहे ते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांची पिशवी उचलली आणि आम्ही रिक्षा केली.

शनिवारी आम्ही तिघं अप्पांच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. झाकण निघालं होतं, काळा चष्मा आला होता. अप्पा खुर्चीत ताठ, कारण डॉक्टरीणबाईंनी वाकायला मना केलं होतं. भाऊ सफरचंदं घेऊन आला होता, इतकी की दुकान मांडता आलं असतं. थेंब कधी घालायचे, पुन्हा कधी दाखवायचं, हे विचारता विचारता त्याने फोन काढला.

"तुमच्या दवाखान्याचा कारभार बघ ताई," तो म्हणाला. "तारीख बदलल्याचं कळवायला नको? या मेसेजात अजून अठराच आहे. हे बघ, मंग..."

तो थांबला. फोन जवळ घेतला, लांब धरला. अगदी अप्पांसारखा.

"मंगळवार," तो हळूच म्हणाला. "ताई, हा चार आहे का?"

चार दिवस मी या क्षणासाठी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि एकही बाहेर येईना. "हो," एवढंच म्हटलं.

"म्हणजे तारीख बदललीच नव्हती."

अप्पांनी हात लांब करून मांडणीवरून पत्र्याचा एक तुकडा घेतला, मला काळ्या रंगाचा डबा उघडायला सांगितला आणि ब्रश बुडवला. आधी देवनागरी चार काढला, मग त्याच्या शेजारी इंग्रजी आठ. दोन्ही सारख्याच उंचीचे, सारख्याच जाडीचे.

"बघ," ते भावाला म्हणाले. "खालचा गोल तोच, मधली फुली तीच. चारचं वरचं तोंड उघडं असतं, याचं मिटलेलं असतं. फरक एवढाच. मला मिटलेलं दिसलं नाही, तुला उघडं दिसलं नाही."

भावाने फोन खाली ठेवला. "अप्पा, मी त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"बोललास. लागलं मला."

"मला माफ करा."

"केलं," अप्पा म्हणाले. "त्याच दिवशी नाही, पण केलं."

भावाने डोळे पुसले आणि मग कधी नव्हे तो खोलीभर नजर फिरवली, डबे, ब्रश, भिंतीवरचं मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर. "तुम्ही इथेच राहा अप्पा," तो म्हणाला. "ते पडदे राहू देत. तुम्ही पाहुणे म्हणून येत जा."

सोमवारी मी पणवाल्याला सांगितलं की त्याची शंका रास्त होती, आणि तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही. उत्तर कुणाच्या हाती जाईल ते आपल्याला ठरवता येत नाही. तो म्हणाला, "पण वार वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात टाकून बघूया." मी हो म्हटलं. त्याला माझ्या आजारपणाची शंका आली असावी.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी भावाने निघताना पत्र्याला हात घातला. "हा मी नेऊ? ऑफिसात टेबलावर ठेवतो."

"ओला आहे," अप्पा म्हणाले. "सुकेपर्यंत बस."

त्याने चप्पल काढली आणि पुन्हा बसला.